पक्कं लायसन्स आणि पहिला पाऊस: शिकाऊ माणसासाठी गाडी कधी घ्यावी?

घरात कुणी गाडी शिकायला लागलं की आठवडाभरात शोरूमच्या चकरा सुरू होतात. दसरा जवळ असेल तर मग विचारायलाच नको. माझं मत असं आहे की मुंबईत शिकाऊ माणसासाठी गाडी कधी घ्यायची हे मुहूर्त किंवा डिस्काउंट पाहून ठरवू नये. ते दोन तारखा पाहून ठरवावं: पक्कं लायसन्स मिळण्याची आणि पाऊस सुरू होण्याची. या दोन्हींच्या मध्ये निदान दोन महिने कोरडे मिळाले पाहिजेत आणि गाडी त्या दोन महिन्यांच्या सुरुवातीला दारात आली पाहिजे. त्याआधी घेतलेली गाडी नुसती उभी राहते. पार जूनमध्ये घेतली, तर शिकलेला माणूस पहिल्याच पावसात घाबरतो आणि नंतर किल्लीला हात लावत नाही.

हे नीट समजावं म्हणून आमच्याच घरातलं उदाहरण घेतो. माझी वहिनी मुलुंड पूर्वेला राहते, वय 43. दादाकडे पक्कं लायसन्स आहे, पण नोकरी पुण्यात, त्यामुळे तो शुक्रवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटे जातो. घरात सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं आणि रिक्षात चढता-उतरताना त्यांचे हाल होतात. म्हणून गाडी. वहिनीचं म्हणणं होतं, "दसऱ्याला बुक करून टाकू, लायसन्स काय, येईलच." मी म्हटलं, "वहिनी, दसऱ्याला गाडी आली तर सोमवार ते शुक्रवार तुमच्या शेजारी बसणार कोण?"

आधी शेजारच्या सीटचा प्रश्न सोडवा

लर्निंग लायसन्स म्हणजे एकट्याने गाडी चालवायची परवानगी नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 3 सांगतो की शिकणाऱ्याबरोबर ती गाडी चालवायचं वैध लायसन्स असलेला माणूस असलाच पाहिजे आणि तो गाडी ताब्यात घेऊ शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. मागच्या सीटवर बसून फोन पाहणारे काका चालत नाहीत. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. शिकाऊ माणूस एकटा पकडला गेला तर विनालायसन्स चालवल्याचा 5,000 रुपये दंड त्याला होतो आणि गाडी दिली म्हणून मालकालाही तेवढाच होऊ शकतो.

दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. गाडीच्या पॉलिसीत चालकाविषयी एक कलम असतं. त्यात लिहिलेलं असतं की लर्निंग लायसन्स असलेला माणूसही गाडी चालवू शकतो, मात्र त्याने वर सांगितलेला नियम 3 पाळलेला असला पाहिजे. म्हणजे शेजारी लायसन्सवाला असताना शिकाऊ माणसाकडून बंपर ठोकला गेला, तर नुसत्या लर्निंग लायसन्सच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. शेजारची सीट रिकामी असेल तर मात्र नाकारायला त्यांच्या हातात पक्कं कारण आहे. क्लेमच्या वेळी शिकाऊचं लर्निंग लायसन्स आणि शेजारी बसलेल्याचं लायसन्स, दोन्ही दाखवायची तयारी ठेवा.

म्हणून पहिली पायरी ही: आठवड्याचे सात दिवस कागदावर लिहा आणि प्रत्येक दिवसापुढे शेजारी बसणाऱ्याचं नाव लिहा. तो माणूस नुसता लायसन्सवाला नको, रोज चालवणारा हवा. आमच्या कागदावर शनिवार-रविवार सोडून सगळं कोरं होतं. अशा घराने लर्निंगच्या काळात गाडी घेऊच नये. सोसायटीत दोन-तीन आठवडे गाडी हलली नाही की बॅटरी बसते. आणि आमच्याकडच्या स्टिल्टमधले उंदीर वायरी खातात ते वेगळंच. घरात रोज बसणारा माणूस असेल, उदाहरणार्थ निवृत्त वडील, तर महिनाभर आधी घ्यायला हरकत नाही.

तारखा उलट्या मोजा

लर्निंग लायसन्स 6 महिने चालतं आणि ते मिळाल्यावर 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. नापास झालात तर पुन्हा परीक्षा द्यायला किमान 7 दिवस थांबावं लागतं. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याच्या हिशेबाने 11 जून. या आकड्यांवर सगळं वेळापत्रक बसतं.

आम्ही जूनपासून मागे मोजत आलो. पावसाआधी एप्रिल आणि मे हे दोन पूर्ण महिने स्वतःच्या गाडीवर सरावाला हवेत, म्हणजे गाडी मार्चअखेरीस यायला हवी. गाडी शोधायला, तपासायला आणि नावावर करायला महिना-दीड महिना धरला. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पक्कं लायसन्स झालेलं असावं. एकदा नापास होण्याची सोय ठेवली तर पहिली परीक्षा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. मग लर्निंग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढलं की पुरे, कारण ते जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतं आणि गडबड झाली तरी मध्ये मोकळी जागा राहते. दिवाळी आणि मुलाची सहामाही त्याआधीच उरकलेली असते. आईला मुहूर्त हवा होता, तोही गुढीपाडव्याचा आपसूक जुळला. दसरा सोडला म्हणून तिची थोडी नाराजी होती, पाडव्याचं ऐकल्यावर ती गेली.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. जुलैत लर्निंग काढलं तर सप्टेंबरपर्यंत लायसन्स होतं आणि दसरा-दिवाळीला गाडी आली की पुढे आठ महिने कोरडे मिळतात. तेही उत्तम. अडचण फक्त एप्रिलअखेर ते ऑगस्ट या काळात गाडी घेणाऱ्यांची होते, कारण सराव अर्धवट असताना पाऊस येतो. काचा आतून धूसर होतात, खड्डा पाण्याखाली दिसत नाही, ब्रेक मारल्यावर गाडी उशिरा थांबते आणि बाजूची दुचाकी आरशात ओळखू येत नाही. अनुभवी माणूस हे सगळं सवयीने सांभाळतो. नव्याला ही सवय कोरड्यात लावावी लागते.

उलटी चूकही होते, ती म्हणजे लायसन्स मिळाल्यावर सहा-आठ महिने गाडीच न घेणं. हाता-पायांची सवय महिन्या-दोन महिन्यांत जाते आणि मग पुन्हा स्कूलचे पैसे भरावे लागतात. म्हणून परीक्षा झाल्यावर शोध सुरू करायचा असं न करता, परीक्षेची तारीख मिळाली की शोध सुरू करा. टोकन मात्र पास झाल्यावरच द्या.

लायसन्सची कामं, थोडक्यात

लर्निंगचा अर्ज sarathi.parivahan.gov.in वर होतो. आधारवरून अर्ज केलात तर चाचणी घरबसल्या देता येते, आणि मराठीतही. वय 40 च्या पुढे असेल तर डॉक्टरांचं नमुना 1-ए प्रमाणपत्र लागतं, ते आधी करून ठेवा. मुंबईत ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली अशी चार आरटीओ आहेत. मुलुंड वडाळ्याखाली येतं, म्हणजे एमएच-03. परीक्षेला बहुतेक स्कूलची गाडी मिळते. पास झाल्यावर कार्ड पोस्टाने येतं, पण डिजीलॉकरमध्ये लायसन्स दिसलं की तेही वैध असतं, कार्डाची वाट पाहत बसायची गरज नाही.

स्कूलविषयी एकच सांगतो. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. त्यामुळे पंधरा दिवसांनी "आता जमतं" असं जे वाटतं त्यात त्याच्या पायाचा वाटा किती, हे शिकणाऱ्याला कळत नाही. सराव संपत आला की शिकवणाऱ्याला स्पष्ट सांगा: आज अर्धा तास तुम्ही पाय वर घेऊन बसा आणि कुठे कुठे तुम्हाला ब्रेक मारावासा वाटला ते नंतर सांगा. वहिनीच्या बाबतीत उत्तर आलं, "उजवीकडे वळताना समोरच्या गाडीचा अंदाज चुकतो, बाकी ठीक." पुढच्या दोन महिन्यांचा अभ्यास या एका वाक्यात मिळाला.

पार्किंग मोजल्याशिवाय गाडी ठरवू नका

मुंबईत शिकाऊ माणसाची गाडी सगळ्यात जास्त कुठे घासते? स्वतःच्या सोसायटीत, पार्किंगच्या खांबाला. म्हणून गाडीचं मॉडेल ठरवण्याआधी टेप घेऊन खाली उतरा. आधी सोसायटीच्या सेक्रेटरीकडून जागा आपल्याच नावावर आहे ना, की दर वर्षी चिठ्ठ्या टाकून वाटतात, हे लेखी समजून घ्या. चिठ्ठ्या असतील तर पुढच्या वर्षी कुठली जागा येईल सांगता येत नाही, म्हणून इमारतीतली सगळ्यात अरुंद जागा मोजा.

आमच्याकडे दोन खांबांमधलं अंतर 7 फूट 8 इंच, म्हणजे 2 मीटर 34 सेंटीमीटर भरलं. दार अडचण न होता उघडून बाहेर पडायला साधारण 60 सेंटीमीटर लागतात. वॅगन आरची रुंदी 1 मीटर 62 सेंटीमीटर, म्हणजे उरले 72. ड्रायव्हरच्या बाजूला 60 सोडले तर दुसऱ्या बाजूला 12 सेंटीमीटर मिळतात. टियागो 1 मीटर 67.7 सेंटीमीटर आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूला सहाच सेंटीमीटर, आरसा मिटूनच आत घ्यावी लागणार. पावणेदोन मीटर रुंदीच्या एसयूव्हीसाठी एकूण 59 उरतात, म्हणजे खांबाला अगदी चिकटवली तरी दार पूर्ण उघडत नाही. वहिनीला आवडलेली एसयूव्ही इथेच बाद झाली आणि वाद घालावा लागला नाही.

रुंदी हा एकच निकष मात्र धरू नका. गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत 2020 मध्ये टियागोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी 5 पैकी 4 तारे मिळाले होते, वॅगन आरला 2023 मध्ये 1. सहा सेंटीमीटरचा सराव महिनाभरात होतो, गाडीचा सांगाडा मात्र बदलता येत नाही. मी टियागोच्या बाजूने बोललो आणि तेच ठरलं.

तुमच्या सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल, म्हणजे एकावर एक पाळणे, तर पाळण्यावर लिहिलेली उंची आणि वजनाची मर्यादा आधी वाचा. उंच गाड्या खालच्या पाळण्यात बसतच नाहीत. शिकाऊ माणसाला अरुंद लोखंडी पट्ट्यांवर रिव्हर्स घेणं पहिले काही महिने जमणार नाही, तेव्हा वॉचमन किंवा शेजारी मदतीला असेल अशाच वेळी गाडी काढा-लावा.

आणखी एक बारीकशी गोष्ट गाडी पाहताना तपासा: दोन सीटच्या मध्ये ओढायचा हँडब्रेक आहे का. काही नव्या गाड्यांत त्या जागी बटण असतं. शेजारी बसलेल्या माणसाला गाडी थांबवायचं जवळचं साधन म्हणजे हा दांडा. ब्रेकचं पेडल त्याच्या पायाशी नसतं. शिकाऊ माणसासाठी मी दांड्याचीच गाडी घेईन. शेजारी बसलेल्याने मात्र तो हलक्या हाताने, दांड्याच्या टोकाचं बटण दाबून ठेवून, हळूहळू ओढायचा. एकदम खेचला तर मागची चाकं घसरतात.

पहिली गाडी सेकंड हँड का

नव्या शिकणाऱ्याच्या हातून पहिल्या वर्षात दोन गोष्टी जवळपास ठरलेल्या असतात, बाजूच्या पत्र्यावर ओरखडे आणि क्लच प्लेटची झीज. चढावर किंवा सिग्नलला रांगेत उभं असताना पाय अर्धवट क्लचवर राहतो, प्लेट घासत राहते आणि केबिनमध्ये जळल्याचा वास येतो. ही झीज वॉरंटीत बसत नाही, विम्यातही नाही. नव्याकोऱ्या गाडीवर हा खर्च करण्यापेक्षा चार वर्षं चाललेल्या गाडीवर झालेला परवडतो. दोन वर्षांनी हात बसला की गाडी विकून हवी ती नवी घ्या. ओरखड्यांमुळे जुन्या गाडीची किंमत फार उतरत नाही, नवीची उतरते.

जुनी घेताना 2022 किंवा त्यानंतर बनलेली बघा. तोवर एबीएस, मागचे पार्किंग सेन्सर आणि पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग या तिन्ही गोष्टी सक्तीच्या झालेल्या होत्या, त्यामुळे स्वस्तातल्या मॉडेललाही त्या मिळतात. नंबर महाराष्ट्राचाच हवा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण इथे कर भरून नोंदणी बदलण्यात तो फायदा संपतो.

मुंबईत जुनी गाडी पाहताना सगळ्यात आधी ती पाण्यात बुडालेली नाही ना, हे बघायचं. पावसाळ्यानंतर अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात, म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात दुप्पट सावध राहा. पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची आडवी रेघ किंवा डाग दिसला तर गाडी तिथेच सोडा, कारण धुणारा तिथपर्यंत पोचत नाही. मग सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ साचलाय का, आणि पायातला गालिचा उचलल्यावर कुबट वास येतो का, हे बघा. नुसतं गालिचाचं कापड नवीन दिसलं तरी विचारा, का बदललं?

मग क्लच. मॅन्युअल गाडीत मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, समोर कुणी नाही याची खात्री करा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. प्लेट चांगली असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. बंद न पडता फिरतच राहिलं तर प्लेट संपत आली आहे, तो खर्च किमतीतून वजा करून मागा. ही तपासणी एकदाच करायची, पुन्हा पुन्हा नाही.

ऑटोमॅटिक घ्यावी का, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं उत्तर असं की शिका मॅन्युअलवर, घ्या ऑटोमॅटिक. मुंबईच्या रांगेत नव्या माणसाचं निम्मं लक्ष क्लच खातो, ते रस्त्यावर राहिलेलं बरं. स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांत एएमटी, म्हणजे क्लच आपोआप चालवणारा गिअर असतो. अशी गाडी चढावर थांबल्यावर किंचित मागे येते, तेव्हा हँडब्रेक ओढून, ॲक्सिलरेटर दिल्यावर सोडायची सवय लावा. आणि दोन्ही पेडलना उजवाच पाय. डावा पाय सवयीने क्लच शोधत ब्रेकवर पडला तर गाडी जागच्या जागी गचकन थांबते आणि मागचा येऊन आदळतो.

पैसे देण्याआधी आरसीवर मालकाचं नाव बघा आणि एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून गाडीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा नमुना 35 मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. दंड थकलेला असेल तर तो mahatrafficechallan.gov.in वर दिसतो, तो विकणाऱ्याला भरायला लावा. गाडी नावावर करायला नमुना 29 आणि 30 वर त्याची सही घ्या.

गाडी कुणाच्या नावावर

आमच्याकडे हौसेने ठरलं होतं की गाडी वहिनीच्या नावावर घ्यायची. मग कागद मांडले.

दादाने आधीची गाडी वर्षापूर्वी विकली तेव्हा विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेऊन ठेवलं होतं. सलग काही वर्षं क्लेम न केल्याबद्दल मिळणारी ही सूट माणसाच्या नावाने असते, गाडीच्या नाही, आणि ते पत्र 3 वर्षं वापरता येतं. त्याची सूट 45 टक्क्यांवर होती. समजा, गाडीच्या नुकसानीचा हप्ता 7,000 रुपये असेल तर दादाच्या नावावर 3,150 रुपये वाचतात, वहिनीच्या नावावर शून्य. विकणाऱ्याची एनसीबी गाडीबरोबर येत नाही, हेही लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे, मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षण मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच मिळतं. परीक्षा व्हायच्या आत कुणी शिकाऊ माणसाच्या नावावर गाडी घेतली तर हे संरक्षणच नाही. शेवटी गाडी दादाच्या नावावर झाली. दुसऱ्याच्या नावावरची गाडी लायसन्सवाल्याने चालवायला विम्याची काहीच अडचण नसते.

जुन्या गाडीचा विमाही नावावर करावा लागतो आणि त्यासाठी व्यवहारानंतर 14 दिवसांची मुदत असते. तिसऱ्या पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशा स्थितीत क्लेम अडकतो. शिकाऊ माणसाच्या गाडीला हे पहिल्याच आठवड्यात करून टाका.

मग ओरखडा पडल्यावर क्लेम करायचा का? बंपर रंगवायला 3,000 रुपये लागले असं धरा. त्यातले पहिले 1,000 रुपये छोट्या गाडीला आपल्यालाच भरावे लागतात, प्लास्टिकच्या भागावर घसारा 50 टक्के कापला जातो, म्हणजे हातात दोन हजारही येणार नाहीत. त्या बदल्यात दादाची 45 टक्क्यांची सूट पुढच्या वर्षी 50 व्हायची ती शून्यावर येते आणि 3,500 रुपये जास्तीचे भरावे लागतात, तेही एकाच वर्षी नाही, सूट पुन्हा चढेपर्यंत. म्हणून आम्ही गाडीच्या किमतीतून 15,000 रुपये बाजूला काढून डेंटिंग-पेंटिंगसाठी ठेवले आणि ठरवलं की हजारांतला खर्च खिशातून, मोठा अपघात झाला तरच क्लेम. हे ठरवून ठेवलं की घरात ओरखड्यावरून रडारड होत नाही.

पहिले दोन महिने

एप्रिल-मे मधला सराव असा लावला: पहिले दोन आठवडे गाडी फक्त शनिवार-रविवारी सकाळी सहाच्या आत बाहेर, दादा शेजारी. पक्कं लायसन्स असलं तरी शेजारी माणूस हवाच. मुलुंडकरांना ऐरोली पुलाचा मोठा फायदा आहे. 15 ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे पूल ओलांडून ऐरोलीच्या सेक्टरमधल्या चौकोनी रस्त्यांवर उजवी वळणं हवी तेवढी घेता येतात. वहिनीच्या चुकीचा अभ्यास तिथेच झाला.

तिसऱ्या आठवड्यापासून तोच फिजिओथेरपीचा रस्ता, आधी रिकाम्या वेळी, मग खऱ्या वेळी, पण सासरे गाडीत नसताना. पेशंटला घेऊन निघायच्या आधी गाडी उभी कुठे करायची, उतरवायचं कुठे, हे पाठ व्हायला हवं. ऐनवेळी मागून हॉर्न वाजत असताना जागा शोधायची वेळ आली की हातपाय गळतात. मे महिन्यात संध्याकाळी सातची लालबहादूर शास्त्री मार्गावरची गर्दी, तीही एकदा दादाबरोबर.

जून येण्याआधी वायपरचं रबर, टायरची नक्षी आणि आतून धूसर झालेली काच साफ करायची हवा नेमकी कुठल्या बटणावर आहे, हे बघून घ्या. हे बटण घरी उभ्या गाडीत, न बघता सापडलं पाहिजे. आणि घरात एक गोष्ट बजावून ठेवा: साचलेलं पाणी बाजूच्या गाडीच्या अर्ध्या चाकाच्या वर दिसलं तर त्यात गाडी घालायची नाही. चुकून गेली आणि पाण्यात बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना इंजिन फिरवलं की आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान तुम्ही स्टार्टर मारल्यामुळे झालं असं म्हणून साध्या पॉलिसीत क्लेम नाकारला जातो. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोडकलम त्यासाठीच असतं, मुंबईच्या गाडीला ते घ्याच. गाडी बंद पडली की किल्ली काढायची, माणसांनी उतरून उंचावर जायचं आणि गाडी टो करून वर्कशॉपला न्यायची. वहिनीच्या गाडीच्या सन वायझरला टो करणाऱ्याचा आणि विमा कंपनीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी लावलेली आहे, कारण अशा वेळी फोनची बॅटरीही संपलेली असू शकते आणि नंबर फोनमध्येच राहतो.